मैदानात माणसं किती मावतील? ब्रासच्या चौकोनातून गर्दीचा हिशोब

सभा असो, कीर्तन महोत्सव असो की सामुदायिक विवाह, आयोजकांचा पहिला प्रश्न एकच असतो: या मैदानात किती लोक बसतील? बहुतेक वेळा उत्तर असं काढलं जातं: मैदान चार एकर, एका माणसाला अडीच-तीन चौरस फूट, म्हणजे साठ-सत्तर हजार. मग त्या आकड्यावर पाणी, जेवण, बंदोबस्त आणि पार्किंग ठरतं. प्रत्यक्षात त्याच मैदानात बारा हजार माणसं आली की पाय ठेवायला जागा उरत नाही.

ही चूक गुणाकाराची नसते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र म्हणजे माणसांना मिळणारी जागा, असं धरल्यामुळे ती होते. शिवाय दरमाणशी जागेचा आकडा मैफिलीतल्या सर्वांत दाट कोपऱ्याचा घेऊन तो सगळ्या मैदानाला लावला जातो. या दोन गोष्टी सुधारल्या की अंदाज बऱ्यापैकी खरा येतो. त्यासाठी लांब टेप, थोडी चुन्याची फक्की आणि अर्धा दिवस एवढं पुरतं.

## आधी एक ब्रास डोळ्यांत बसवा

फरशी किंवा प्लास्टरचं काम ज्यांनी करून घेतलंय त्यांना ब्रास ठाऊक असतो: दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे 100 चौरस फूट. गर्दी मोजायला हेच माप सगळ्यांत सोयीचं आहे. इतका चौकोन एका नजरेत मावतो आणि त्यातली माणसं मोजता येतात. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ 11 ब्रास. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 435 ब्रास.

एका ब्रासमध्ये माणसं किती, याचे जगभर वापरले जाणारे तीन आकडे हर्बर्ट जेकब्स यांच्याकडून आलेत. ते अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे. 1960 च्या दशकात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची आंदोलनं होत. चौकाच्या फरसबंदीवर चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतली माणसं मोजून सरासरी काढायची आणि तिला भरलेल्या चौकोनांच्या संख्येने गुणायचं, अशी त्यांची रीत. त्यातून ठरलेली मापं अशी: हातभर अंतर ठेवून उभ्या असलेल्या सैल गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाटीवाटीच्या गर्दीत साडेचार, आणि अगदी चेंगरून उभ्या जमावात अडीच. आपल्या ब्रासमध्ये सांगायचं तर अनुक्रमे 10, 22 आणि 40 माणसं.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा एकदा करून पाहा. अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात फक्कीने दहा बाय दहाचा चौकोन आखा. त्यात आधी दहा जणांना उभं करा. माणसं गप्पा मारत ऐसपैस उभी राहतात, मधून चहावाला जाऊ शकतो. मग 22 जणांना उभं करा. आता खांद्याला खांदा लागतो, पिशवी खाली ठेवायची तर शेजाऱ्याला सरकावं लागतं, मधून जायचं तर आडवं व्हावं लागतं. चाळीस जणांचा प्रयोग करू नका, त्याची गरजही पडत नाही. 22 पाहिल्यावरच लक्षात येतं की चाळीसची गर्दी मंचासमोरच्या पट्ट्यात काही वेळ होऊ शकते, अख्ख्या मैदानावर तीन तास टिकू शकत नाही.

त्याच्या पुढे धोका सुरू होतो. ब्रिटनमध्ये क्रीडा मैदानांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रीन गाइड’मध्ये उभ्या प्रेक्षकांची कमाल मर्यादा 10 चौरस मीटरला 47 अशी आहे. म्हणजे ब्रासमध्ये साधारण 43. आणि तीही खास बांधलेल्या, अधूनमधून कठडे असलेल्या पायऱ्यांवर. चौरस मीटरमागे सात माणसांच्या आसपास, म्हणजे ब्रासमध्ये साधारण 65, गर्दी पाण्यासारखी वागू लागते असं गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी मांडलं आहे. एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो आणि माणसाच्या पायाखालचा ताबा सुटतो. म्हणून नियोजनाच्या कागदावर 40 हा आकडा कुठेही येऊ देऊ नका.

## बसलेल्या माणसाचं माप

जेकब्सचे आकडे उभ्या गर्दीचे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यक्रमांत लोक बसतात, तेही दोन प्रकारे, आणि दोन्हींची मापं वेगळी आहेत.

सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या दोन गुडघ्यांमधलं अंतर दोन फुटांच्या वर जातं. पाठीपासून गुडघ्यापर्यंत आणि पुढच्याच्या पाठीला धक्का न लागण्याइतकी मोकळीक धरून अडीच फूट लागतात. म्हणजे माणशी पाच चौरस फूट, ब्रासमध्ये 20. मुलं मांडीवर असली किंवा कार्यक्रम रंगात आला की लोक सरकून 24-25 पर्यंत बसतात. पण चपला शेजारी आणि पिशवी मांडीपुढे असली तर 18 वरच चौकोन भरतो. नियोजनाला 20 धरावेत.

हातांची प्लास्टिक खुर्ची साधारण पावणेदोन फूट किंवा त्याहून थोडी जास्त रुंद असते. एका ओळीच्या पाठीपासून पुढच्या ओळीच्या पाठीपर्यंत तीन फूट ठेवले तर बसलेल्यांच्या गुडघ्यांसमोरून माणूस कसाबसा जाऊ शकतो. हिशोब होतो साडेपाच चौरस फूट, पण खुर्च्या कधीच इतक्या काटेकोर राहत नाहीत. लोक त्या मागे सरकवतात, कुटुंबं गोल करून बसतात. सहा धरा, म्हणजे ब्रासमध्ये 16. अडीच फुटांवर ओळी लावून जास्त खुर्च्या बसवता येतात, पण मग ओळीच्या मधल्या माणसाला उठून बाहेर पडता येत नाही आणि घाईच्या वेळी खुर्च्या आडव्या पडून पायांत येतात.

मागे उभे राहून ऐकणाऱ्यांचाही एक हिशोब लागतो. सभेत मागचे लोक सैलही नसतात आणि दाटही नसतात, ते मंच दिसावा म्हणून खांद्यांच्या फटीतून जागा धरतात. तिथे 16 चा आकडा मधला म्हणून चालतो.

गंमत अशी की खुर्ची, सतरंजी आणि साधी उभी गर्दी या तिन्हींना जागा जवळजवळ सारखीच लागते. खुर्च्या काढल्या की दुप्पट लोक मावतात ही समजूत यामुळेच फसते. लोक मांडी घालून बसले तर फरक पाव भागाचाच पडतो.

## मैदान मोजताना

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याच्या अगदी जवळ. पण त्या क्षेत्रात शाळेची इमारत, कुंपणाबाहेर गेलेली पट्टी, रस्त्याला दिलेला भाग, विहीर, सगळंच असतं. म्हणून सातबारा फक्त वरची मर्यादा समजायला पाहा, हिशोबाला स्वतः मोजलेलं क्षेत्र घ्या.

पुढे एकच मैदान उदाहरणाला घेऊ. तालुक्याच्या गावातलं हायस्कूलचं मैदान, सातबाऱ्यावर 1 हेक्टर 62 आर, म्हणजे चार एकर, सुमारे 1 लाख 74 हजार चौरस फूट. इमारत आणि तिच्यामागची जागा सोडून मोकळा भाग टेपने मोजला तर इमारतीकडची बाजू 280 फूट, समोरची 320, डावी 400 आणि उजवी 402 भरली.

इथे लोक समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणतात. कोपरे काटकोनी असतील तर ते चालतं, पण तिरप्या मैदानात क्षेत्र नेहमी जास्तच येतं, कमी कधीच नाही. त्यापेक्षा एक कर्ण मोजा. टेप छोटा असेल तर दोरी ताणून खुणा करत जा. कर्णामुळे मैदानाचे दोन त्रिकोण होतात आणि तीन बाजू माहीत असलेल्या त्रिकोणाचं क्षेत्र शाळेत शिकलेल्या हेरॉनच्या सूत्राने निघतं. तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं म्हणजे `s`, मग:

```
क्षेत्र = √( s × (s−a) × (s−b) × (s−c) )
```

आपल्या मैदानाचा कर्ण 488 फूट आला. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू 280, 400, 488. बेरीज 1,168, `s` 584, क्षेत्र 56,000 चौरस फूट. दुसऱ्याच्या बाजू 488, 320, 402. `s` 605, क्षेत्र जवळजवळ 64,000. एकूण 1 लाख 20 हजार चौरस फूट, म्हणजे 1,200 ब्रास. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रातला जवळजवळ तिसरा हिस्सा इथेच गळला.

पडताळा म्हणून कॉम्प्युटरवर गुगल मॅप्सच्या उपग्रह चित्रात मैदानाच्या कोपऱ्यावर राइट-क्लिक करा, `Measure distance` निवडा आणि एकेक कोपरा टिपत पहिल्या बिंदूवर परत या. आकृती बंद झाली की खाली `Total area` दिसतं. टेपच्या आणि या आकड्यात पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एखादा कोपरा चुकला आहे. झाडांच्या सावल्यांमुळे कुंपणाची रेघ चित्रात हमखास आत-बाहेर दिसते. प्रत्यक्ष मोजलेल्या मापावर विश्वास ठेवा.

## वजाबाकी: सगळा हिशोब इथे ठरतो

मोकळं मैदान 1,200 ब्रास आहे, पण त्यात माणसं कुठे कुठे नसतील हे आता कागदावर आखायचं. मंडपवाला, साउंडवाला आणि पोलीस ठाण्यातला बंदोबस्ताचा माणूस या तिघांना एकत्र घेऊन हे केलं तर पुढचे निम्मे वाद मिटतात, कारण प्रत्येकजण आपल्या जागेचा आकडा इतरांसमोर सांगतो.

मंच 280 फुटांच्या अरुंद बाजूला घेतला आहे. मंच फक्त 60 बाय 40 चा असला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे प्रेक्षक बसत नाहीत. तिथे जनरेटर, ग्रीन रूम आणि मान्यवरांच्या गाड्या असतात. म्हणून अख्खा 60 फूट खोलीचा पट्टा वजा होतो. मंचापुढे सुरक्षेसाठी मोकळा ठेवलेला डी आला. मग वाटा: मधोमध 12 फुटांची एक, आडव्या 10 फुटांच्या दोन, आणि कुंपणाला लागून दोन्ही बाजूंना 10 फूट. वाटांवर काटकसर करायचा मोह सगळ्यांना होतो. पण वाट आखली नाही तर माणसं ती बसलेल्यांच्या मधून पाडतात आणि जागा तेवढीच जाते. फरक इतकाच की मग ती वाट रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरला पुरत नाही.

साउंडचा कन्सोल आणि कॅमेऱ्याचं व्यासपीठ मैदानाच्या मध्याजवळ असतं. त्याच्या मागच्या सावलीत बसलेल्यांना मंच दिसत नाही, म्हणून ते तिथून उठतात आणि ती जागा रिकामी राहते. ती जागाही वजाच धरा. शेवटच्या टोकाला पाण्याचे टँकर, प्रथमोपचार आणि स्वच्छतागृहांसाठी 30 फुटांची पट्टी लागते. एक वडाचा पार आहे, आणि कोपऱ्यात पावसाचं पाणी साचणारा सखल तुकडा.

| कशासाठी | चौरस फूट |
|---|---|
| मंच, त्याच्या बाजू आणि मागचा पट्टा | 17,000 |
| डी (120 × 50) | 6,000 |
| सगळ्या वाटा | 15,300 |
| कन्सोल, कॅमेरा आणि त्यामागची आंधळी जागा | 1,500 |
| मागची सोयींची पट्टी | 9,600 |
| वड आणि पार | 1,600 |
| सखल, ओला तुकडा | 3,000 |
| एकूण वजा | 54,000 |

उरले 66,000 चौरस फूट, म्हणजे 660 ब्रास. मोकळ्या मैदानाच्या पंचावन्न टक्के. मंच आणि वाटा असलेल्या कार्यक्रमात असा निम्म्याच्या आसपासचा आकडा आला तर हिशोब ठीक आहे असं समजा. ऐंशी टक्के उरले असतील तर काहीतरी वजा करायचं राहिलं आहे, आणि ते बहुतेक वेळा वाटाच असतात.

## माणसांचा आकडा

आता 660 ब्रासचे भाग पाडू. पुढे 150 ब्रासमध्ये खुर्च्या, मध्ये 270 ब्रासमध्ये सतरंज्या, मागे 240 ब्रास उभ्या लोकांसाठी.

खुर्च्या: 150 × 16 = 2,400. सतरंज्या: 270 × 20 = 5,400. उभे: 240 × 16 = 3,840. एकूण 11,640.

हा एकच आकडा कुणाला देऊ नका. खुर्च्या आणि सतरंज्यांचा अंदाज फारसा हलत नाही, पण मागची उभी गर्दी सैल राहिली तर तिथे 2,400 असतील आणि दाटली तर 5,280. म्हणून खरं उत्तर ‘दहा ते तेरा हजार, मधला अंदाज साडेअकरा’ असं आहे. खुर्च्या 2,400 मागवा, पाणी तेरा हजारांचं ठेवा, बंदोबस्तही तेरा हजारांचा मागा. अंदाजाची दोन टोकं हाताशी असण्याचा उपयोग हाच: कमी पडलं तर नुसती गैरसोय होईल ते खालच्या आकड्यावर ठरवायचं, कमी पडलं तर जीव धोक्यात येईल ते वरच्या आकड्यावर.

सुरुवातीचा हिशोब आठवा. सातबाऱ्यावरचे 1,740 ब्रास गुणिले 40, म्हणजे जवळजवळ सत्तर हजार. त्याच मैदानाचं खरं उत्तर त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं आहे.

## गेट किती माणसं सोडतं?

जागेच्या हिशोबात बसलेली माणसं गेटच्या हिशोबात बसतीलच असं नाही, आणि दोन्हींतला लहान आकडा हीच मैदानाची क्षमता. हे बहुतेक ठिकाणी मोजलंच जात नाही. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर जी चेंगराचेंगरी झाली ती मोकळ्या जागेत नव्हे, पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर. मोठ्या जागेतली माणसं लहान तोंडातून जायला लागली की धोका त्या तोंडाशी जमतो.

ग्रीन गाइडमध्ये सपाट वाटेवरून बाहेर पडण्याचा वेग एक मीटर रुंदीला मिनिटाला 82 माणसं असा धरला आहे, पायऱ्यांवर 66. फुटांत सांगायचं तर सपाट गेटच्या एका फुटातून मिनिटाला 25, पायऱ्यांवरून 20. हा वेग शांतपणे, सलग बाहेर पडणाऱ्या माणसांचा आहे. रुंदी मोजताना गेटच्या खांबांमधलं अंतर घेऊ नका. गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा घ्या. सोळा फुटांच्या गेटबाहेर भेळ आणि फुग्यांच्या गाड्या लागल्या आणि वाट नऊ फूट उरली, तर तुमचं गेट नऊ फुटांचं आहे.

आपल्या हायस्कूलला दोन गेट आहेत, 16 फुटांचं आणि 8 फुटांचं. दोन्ही पूर्ण मोकळी असतील तर 24 × 25 = 600 माणसं मिनिटाला. साडेअकरा हजार लोक बाहेर पडायला जवळजवळ वीस मिनिटं लागतील. ब्रिटनमधल्या स्टेडियमसाठी हीच वेळ आठ मिनिटांच्या आत ठेवतात, कारण त्यापुढे अडकलेली माणसं अस्वस्थ होऊन रेटायला लागतात. आठ मिनिटांत एवढे लोक सोडायचे तर मिनिटाला 1,450, म्हणजे 58 फूट रुंदी हवी. आहेत 24. आणि मोठं गेट मान्यवरांच्या गाड्यांसाठी अडवून ठेवलं तर उरलेल्या आठ फुटांतून मिनिटाला 200 माणसं सुटतात. म्हणजे जवळजवळ एक तास.

यावर उपाय तीन आहेत. कुंपण काही ठिकाणी तात्पुरतं काढून दोन-तीन रुंद तोंडं करायची. तारेचं कुंपण असेल तर हे एका दिवसाचं काम. ते जमत नसेल तर सगळे एकाच वेळी न उठता भागाभागाने बाहेर पडतील असा कार्यक्रमाचा शेवट ठरवायचा, पण आग किंवा वादळाच्या वेळी याचा काही उपयोग नाही. तिसरा उपाय माणसं कमी करण्याचा. दोन गेटमधून आठ मिनिटांत 4,800 जातात, तर तेवढ्याच लोकांना आत घ्यायचं आणि बाकीच्यांसाठी शेजारच्या चौकात पडदा लावायचा. आयोजकांना हा आकडा आवडत नाही, तरी परवानगीच्या अर्जासोबत हाच हिशोब जोडावा. मंडपाच्या आत, जिथे कनात तिन्ही बाजूंनी बंद असते, तिथे तर गेटचा हिशोब आधी करा आणि जागेचा नंतर.

## मोठा आकडा ऐकला की

हीच रीत उलट वापरता येते. मुंबईत दादरचं शिवाजी पार्क सुमारे 28 एकरांचं आहे, म्हणजे 12,200 ब्रासच्या आसपास. त्यातली झाडं, कट्टे, खेळपट्ट्या, वाटा काहीही वजा न करता सगळीकडे सैल गर्दी धरली तर सव्वा लाख माणसं. सगळीकडे दाट गर्दी धरली तर पावणेतीन लाखांपेक्षा थोडी कमी. एखाद्या सभेला तिथे पाच लाख लोक होते असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ कट्ट्यापासून कट्ट्यापर्यंत प्रत्येक ब्रासमध्ये चाळीस माणसं होती असा होतो, मंचाखालीसुद्धा. वजाबाकीत निम्मं मैदान गेलं असं मानलं तर दाट गर्दीचा आकडा एक लाख तीस-पस्तीस हजारांवर येतो. आजूबाजूच्या रस्त्यांवर लोक असतील तर ते वेगळे मोजावेत, त्यांची लांबी-रुंदी वेगळी घेऊन.

फोटोवरून अंदाज करताना फोटो कुठून काढलाय ते आधी पाहा. मंचावरून, माणसाच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पुढच्या डोक्यांमागे मधल्या सगळ्या फटी लपतात आणि मैदान शेवटपर्यंत खच्चून भरलेलं दिसतं. तोच क्षण तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पाहिला की मागच्या भागात सतरंजीचे रंग दिसायला लागतात. जमीन जिथे दिसते तिथे ब्रासमध्ये 22 माणसं नाहीत, एवढी खूण पुरेशी आहे.

## कार्यक्रमाच्या दिवशी पडताळा

आदल्या दिवशी, सतरंज्या पडायच्या आधी, मैदानात आठ-दहा ठिकाणी फक्कीने दहा बाय दहाचे चौकोन आखून ठेवा. गर्दीत फक्की पुसते, म्हणून प्रत्येक चौकोनाजवळच्या बांबूला रंगीत फडका बांधा, म्हणजे गच्चीवरून जागा ओळखता येते. चौकोन सोयीच्या जागी आखू नका. काही मंचाजवळ, काही मध्ये, काही कुंपणाला लागून, काही झाडाखाली असे विखरून हवेत. सगळे चौकोन मंचाजवळ आखले तर अंदाज हमखास फुगतो, कारण गर्दी पुढे दाट आणि मागे विरळ असते, आणि मागचा भाग क्षेत्राने मोठा असतो.

कार्यक्रम भरात असताना दोन जणांनी वेगवेगळं मोजावं. समजा मागच्या उभ्या भागातल्या आठ चौकोनांत 14, 17, 11, 6, 19, 9, 13 आणि 7 माणसं भरली. बेरीज 96, सरासरी 12. त्या भागाचे ब्रास 240, म्हणून तिथे 2,880 लोक. आपण 3,840 धरले होते, म्हणजे मागची गर्दी अंदाजापेक्षा सैल होती. सतरंज्यांच्या भागातही असंच मोजा. खुर्च्यांच्या भागात मात्र लोक मोजू नका, रिकाम्या खुर्च्या मोजा आणि 2,400 मधून वजा करा. ते सोपं आणि अचूक असतं. दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर बहुधा चौकोनाच्या रेषेवरच्या माणसांबद्दल गोंधळ असतो. ज्याचे दोन्ही पाय आत तो धरायचा, असं आधीच ठरवून घ्या.

एक गोष्ट या सगळ्या पद्धतीच्या बाहेर राहते. चौकोन मोजून एका क्षणी मैदानात किती लोक आहेत ते कळतं, दिवसभरात किती येऊन गेले ते कळत नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला येणारे लोक रांगेने येतात, दर्शन घेतात, शिवाजी पार्कवर पुस्तकं पाहतात आणि निघतात. तिथे मैदानाची क्षमता आणि आलेल्या लोकांची संख्या या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. अशा वेळी दर तासाला मैदानातली संख्या मोजून तिची सरासरी काढा, त्याला एकूण तासांनी गुणा आणि माणूस सरासरी किती तास थांबतो त्याने भागा. आपल्या हायस्कूलवर पुस्तक प्रदर्शन दहा तास चाललं, दर तासाच्या मोजणीची सरासरी 3,000 आली आणि माणूस सरासरी दोन तास थांबला, तर येऊन गेलेले लोक 15,000. थांबण्याचा वेळ अंदाजाने लिहू नका. गेटवर शंभर जणांना येतानाची वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या, जाताना ती परत घ्या आणि परत आलेल्या चिठ्ठ्यांवरून सरासरी काढा. थांबण्याचा वेळ दोनऐवजी दीड तास धरला तर तेच 15,000 लोक 20,000 होतात, त्यामुळे त्या शंभर चिठ्ठ्यांची मेहनत वाया जात नाही.